किराळीचं विष राहतं कुठे?

परभणी जिल्ह्यात जुलै-ऑगस्टात पावसाने ओढ दिली की ज्वारी गुडघाभर उंचीवरच थांबते. पानं सुरळी करून उभी राहतात, पोंगा निस्तेज होतो. अशा वेळी जाणती माणसं दावं सुटलेल्या जनावराला आधी त्या रानातून हाकलतात, बाकीची कामं मग. दुसरा धोक्याचा काळ काढणीनंतरचा. धसकटं रानात तशीच राहिली आणि अवकाळी पाऊस पडला की बुडातून हिरवेगार फुटवे येतात. बाकी रान उजाड असतं, भुकेलं जनावर नेमकं त्या फुटव्यांवर तुटून पडतं, आणि कधीकधी बांधावर पोहोचण्याआधीच कोसळतं. गावाकडे याला किराळ लागणं म्हणतात. त्याच ज्वारीचा वाळलेला कडबा मात्र जनावर वर्षभर खातं आणि ठणठणीत राहतं.

एकाच ताटाची ही दोन रूपं का, हे समजायला विज्ञानाला ऐंशी-नव्वद वर्षं लागली. उत्तर अखेर सापडलं ते वनस्पतीच्या पेशीतल्या एका पाणीभरल्या पिशवीत, म्हणजे रिक्तिकेत. शाळेच्या पुस्तकात रिक्तिकेला दोन ओळी मिळतात, म्हणून तो शोध सविस्तर सांगावासा वाटतो.

सुरुवात हिंदुस्थानातच झाली. १८९६ साली पशुवैद्यकीय खात्यातले कॅप्टन पीज यांनी ज्वारी खाऊन मेलेल्या जनावरांचा प्रश्न हाती घेतला. ताटं तपासताना त्यांना खोडात पोटॅशियम नायट्रेट मोठ्या प्रमाणात आढळलं. बंदुकीच्या दारूत पडतो तोच हा सोरा. जनावरं सोऱ्याच्या विषाने मरतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. निष्कर्ष अर्धा होता, पण चूक नव्हता. पुढच्या अनेक लेखकांनी तो खोडून काढल्यासारखा बाजूला ठेवला, हा मला पीज यांच्यावर झालेला अन्याय वाटतो.

सहा वर्षांनी, १९०२ साली, लंडनच्या इंपीरियल इन्स्टिट्यूटचे विंडहॅम डन्स्टन आणि त्यांचे सहकारी थॉमस हेन्री यांनी वेगळंच उत्तर दिलं. त्यांनी इजिप्तमध्ये वाढलेली कोवळी ज्वारी तपासली. ती कुटून पाण्यात भिजवली की हायड्रोसायनिक आम्ल बाहेर पडत होतं, म्हणजे सायनाइडचं विष. हे विष ताटात मोकळं नव्हतं. साखरेच्या एका रेणूला बांधलेलं संयुग होतं, त्याला त्यांनी धुरिन हे नाव दिलं. ताटातच एक विकर असतं. ते धुरिनला भेटलं की साखर सुटते आणि पाठोपाठ सायनाइड मोकळं होतं. ताट जून होत जातं तसं धुरिन कमी होतं आणि पिकलेल्या दाण्यात ते नसतं, हेही त्यांनी नोंदवलं. भाकरी निर्धोक का, याचं उत्तर तेव्हाच मिळालं. दाण्याला मोड आले की मात्र कोंबात धुरिन नव्याने तयार होतं.

पण या उत्तरातून अधिक अवघड प्रश्न उभा राहिला. धुरिन आणि त्याला फोडणारं विकर दोन्ही एकाच पानात असतील, तर उभं ताट स्वतःच्या विषाने मरत का नाही? सायनाइड जनावराचा श्वास जिथे रोखतं, ती यंत्रणा वनस्पतीच्या पेशीतही आहे. म्हणजे जोडीतला एक कुठेतरी कोंडलेला असणार. कोंडून ठेवणारी भिंत कोणती, हे १९०२ साली कोणालाच सांगता येत नव्हतं.

गंमत अशी की ती भिंत सतरा वर्षं आधीच दिसली होती. १८८५ साली ह्यूगो द व्ह्रीस या डच शास्त्रज्ञाने वनस्पतीच्या पेशी दहा टक्के सोऱ्याच्या द्रावणात ठेवल्या आणि द्रावणात इओसिन नावाचा लाल रंग मिसळला. तीव्र द्रावणाने पेशीतलं पाणी ओढून घेतलं, आतला ऐवज आक्रसून भिंतीपासून सुटला. थोड्या वेळाने पेशीद्रव्य मेलं आणि लाल झालं. मधोमध मात्र एक बुडबुडा राहिला, पूर्ण रंगहीन. बाहेरचं सगळं मेल्यावरही त्याच्याभोवतीचा पापुद्रा रंगाला आत शिरू देत नव्हता. या पापुद्र्याला द व्ह्रीसने टोनोप्लास्ट म्हटलं. तोवर रिक्तिका म्हणजे पेशीद्रव्यातली मोकळी जागा, असाच समज होता. तिला स्वतःचं वेष्टन आहे आणि काय आत जाईल, काय बाहेर येईल हे ते वेष्टन ठरवतं, हे या प्रयोगाने दाखवलं.

वाढ पूर्ण झालेल्या वनस्पतीपेशीत ही एकच रिक्तिका पेशीचा ऐंशी ते नव्वद टक्के भाग व्यापते. पेशीद्रव्य आणि केंद्रक भिंतीलगतच्या पातळ थरात दाबलेले असतात. रिक्तिकेत पोटॅशियम, नायट्रेट, सेंद्रिय आम्लं, साखरा आणि रंगद्रव्यं विरघळलेली असतात. विरघळलेले कण जितके जास्त, तितकं बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. रिक्तिका फुगते, पेशीद्रव्याला भिंतीवर दाबते, भिंत उलट दाबते. या ताणावर पान ताठ उभं राहतं. हा दाब साधारण पाच ते दहा वातावरणांइतका असतो, आणि मोटारीच्या चाकात हवेचा दाब जेमतेम दोन-अडीच. पोंग्यातलं कोवळं पान बिनहाडाचं असूनही ढेकूळ सारून वर येतं ते या जोरावर.

पावसाने ओढ दिली की रिक्तिका पाणी गमावू लागतात. ज्वारीच्या पानाच्या वरच्या बाजूला मधल्या शिरेजवळ मोठ्या, पातळ भिंतीच्या पेशींच्या ओळी असतात. त्या सर्वांत आधी सुकतात आणि आकसल्या की पान आतल्या बाजूला गुंडाळलं जातं. रानात दिसणारी सुरळी ती हीच. ज्वारी दुष्काळात तग धरते त्यात या सुरळीचा मोठा हात आहे. पानाचा उघडा भाग कमी झाला की पाणीही कमी उडतं. संध्याकाळी सावली झाली आणि पानं उलगडली, तर रिक्तिकांमध्ये अजून जोर आहे. सकाळीही ती सुरळीतच राहिली, तर पीक खऱ्या अडचणीत आहे.

इथे पीज यांचा सोरा पुन्हा समोर येतो. जमिनीतलं नायट्रेट मुळं ओढून घेतात. त्यातून प्रथिनं बनवायला पानात उजेड आणि वाढ दोन्ही लागतात. दुष्काळाने वाढ थांबली की नायट्रेट वापरलं जात नाही, मग ते रिक्तिकांत साठत जातं, विशेषतः खोडाच्या खालच्या भागात. तिथे ते नुसतं पडून राहत नाही, पाणी धरून ठेवायलाही मदत करतं. द व्ह्रीसने पेशीबाहेर सोरा ओतून पाणी खेचून काढलं होतं. ज्वारी तोच सोरा पेशीच्या आत भरून पाणी खेचून घेते. साठवण आणि ताठरता ही रिक्तिकेची दोन वेगळी कामं म्हणून शिकवली जातात, पण ज्वारीच्या खोडात ती एकाच मिठाने होतात.

आता धुरिनकडे येऊ. त्याचा ठावठिकाणा लागला तो कॅलिफोर्नियात डेव्हिस इथल्या विद्यापीठात, एरिक कॉन यांच्या प्रयोगशाळेत. तोवर एक नवं तंत्र हाती आलं होतं. १९७५ साली वॅग्नर आणि सीगलमन यांनी वनस्पतीपेशींतल्या रिक्तिका अखंड बाहेर काढून दाखवल्या होत्या. आधी पानावर सेल्युलोज विरघळवणारं विकर सोडायचं, म्हणजे भिंती जातात आणि उघड्या गोल पेशी उरतात. मग भोवतालचं द्रावण बदलून त्यांना असा झटका द्यायचा, की बाहेरचं पटल फुटेल पण टोनोप्लास्ट शाबूत राहील. शेवटी मंद वेगाने फिरवून तरंगत्या रिक्तिका वेगळ्या करायच्या. झटका थोडा जास्त बसला की सगळंच फुटतं, थोडा कमी पडला की काहीच फुटत नाही.

१९७८ साली सॉंडर्स आणि कॉन यांनी हे तंत्र ज्वारीच्या पानांवर वापरलं. उघड्या पेशींत जितकं धुरिन होतं, ते जवळजवळ सगळं रिक्तिकांमध्ये सापडलं. पुढच्याच वर्षी कोजिमा, पोल्टन, थेयर आणि कॉन यांनी पान थराथराने वेगळं केलं. धुरिन पानाच्या बाहेरच्या सालीच्या, म्हणजे अपित्वचेच्या पेशींत होतं. त्याला फोडणारी विकरं आतल्या हिरव्या गरात होती. १९८१ साली थेयर आणि कॉन यांनी आणखी बारकाईने पाहिलं, तेव्हा धुरिन फोडणारं विकर गराच्या पेशींतल्या हरितलवकांत निघालं.

म्हणजे पहारा दुहेरी होता. विष सालीच्या पेशींत, तेही टोनोप्लास्टच्या आत. फोडणारा शेजारच्या थरात, तोही हरितलवकाच्या आत. उभ्या पानात त्यांची गाठ पडत नाही. दातांखाली पान चिरडलं गेलं की एका क्षणात पडते. वाळताना पेशी हळूहळू मोडतात, सायनाइड सुटतं ते वायू होऊन उडून जातं आणि नीट वाळलेल्या कडब्यात फारसं उरत नाही. नुसती कोमेजलेली ज्वारी मात्र वाळलेली नव्हे, ती तितकीच धोक्याची असते. सोऱ्याचं तसं नाही. नायट्रेट उन्हाने उडत नाही, कडब्यातही तसंच राहतं. डन्स्टनचं विष ऊन घालवतं, पीज यांचं घालवत नाही.

आता बैलाच्या बाजूने पाहू. बैलाच्या पेशीत अशी मोठी रिक्तिका नसते. प्राणीपेशीत असतात त्या लहान, अल्पकाळ टिकणाऱ्या पिशव्या: बाहेरून काही गिळताना बनणाऱ्या, स्राव वाहून नेणाऱ्या, आणि लयकारिका, ज्यांचा शोध क्रिस्तियन द द्युव यांनी १९५५ साली जाहीर केला. लयकारिकेचा आकार साधारण एक मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी असतो, वनस्पतीची रिक्तिका त्याच्या कित्येक पट मोठी. तरी दोघींचं नातं आहे. दोन्हींच्या पटलात ऊर्जा खर्चून आत आम्ल ढकलणारा एकाच जातीचा पंप असतो, आणि दोन्हींच्या आत बाहेरच्यापेक्षा आम्लता जास्त असते. लयकारिका ते आम्ल पचवायला वापरते. रिक्तिकाही काही पचवते, पण त्याच आम्लाच्या उताराचा जोर वापरून नायट्रेट आणि धुरिनसारखे पदार्थ आत ओढून साठवते.

बैलाच्या पेशीला भिंत नाही, त्यामुळे ताठरताही नाही. तांबडी पेशी साध्या पाण्यात टाकली तर पाणी आत शिरून ती फुटते. फुगलेल्या रिक्तिकेचा दाब पेलायला तिच्याकडे काहीच नसतं. म्हणून प्राणीपेशी सतत सोडियम बाहेर टाकून आतबाहेरचा तोल सांभाळते, आणि जनावर उभं राहतं ते हाडांवर. गोड्या पाण्यातल्या पॅरामेशियमसारख्या एकपेशी जिवातही रिक्तिका असते, पण तिचं काम उलट. ती आत शिरलेलं पाणी गोळा करून आकुंचन पावते आणि ते बाहेर टाकते.

साठवणीतही तोच फरक. वनस्पतीला मूत्रपिंड नाही. नको ते बाहेर टाकण्याची सोय फार थोडी, म्हणून ती ते रिक्तिकेत बाजूला ठेवते आणि कीड-जनावरांविरुद्ध वापरते. बैलाला विष बाजूला ठेवायला पेशीत जागा नाही. त्याच्या यकृतात रोडानीज नावाचं विकर सायनाइडला गंधक जोडतं, त्यातून खूपच कमी विषारी थायोसायनेट बनतं आणि ते लघवीतून जातं. विष हळूहळू आलं तर हा मार्ग पुरतो. एकदम आलं तर सायनाइड पेशीतल्या तंतुकणिकांपर्यंत पोहोचतं आणि प्राणवायू वापरणारं शेवटचं विकर अडवतं.

किती ज्वारी म्हणजे एकदम? ढोबळ हिशोब करून पाहू. गुरांना दर किलो वजनामागे सुमारे दोन मिलिग्रॅम हायड्रोसायनिक आम्ल एकदम मिळालं तर ते घातक ठरतं. तीनशे किलोची लाल कंधारी गाय धरली तर सहाशे मिलिग्रॅम. रेणूच्या वजनाच्या हिशोबाने एक ग्रॅम धुरिनमधून ८७ मिलिग्रॅम आम्ल सुटतं, म्हणजे लागतं फक्त सात ग्रॅम धुरिन. ओल्या चाऱ्यात किलोला दोनशे मिलिग्रॅम आम्ल सुटण्याइतकं धुरिन असेल, तर तीन किलो चारा पुरतो. रोपाच्या अगदी शेंड्यात तर सुक्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत धुरिन सापडलेलं आहे. उपाशी गाय तीन किलो कोवळे फुटवे थोड्या वेळात सहज खाते. तेवढाच चारा दिवसभरात थोडाथोडा गेला असता, तर यकृताने कदाचित निभावून नेलं असतं. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले सूक्ष्मजीवही धुरिन फोडतात, म्हणून घोड्यापेक्षा गायी-म्हशी लवकर बळी पडतात.

लक्षणं काही मिनिटांतच दिसू लागतात. धाप लागते, तोंड उघडं पडतं, जनावर लडखडतं, कोसळून झटके देतं. पापणी उलटून पाहिली तर आतला भाग लालबुंद दिसतो. रक्तात प्राणवायू आहे, पण पेशी तो घेऊच शकत नाहीत, म्हणून शिरेतलं रक्तही चमकदार लाल असतं. नायट्रेटच्या विषबाधेत नेमकं उलटं. पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते हिमोग्लोबिन बिघडवतं, रक्त चॉकलेटी-तपकिरी होतं. धापही लागते, जनावर कोसळतंही, पण रंग वेगळा.

हा रंग पाहणं फार महत्त्वाचं आहे. सायनाइडवर पशुवैद्य शिरेतून सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट देतात. नायट्राइट मुद्दाम थोडं हिमोग्लोबिन बदलतं, ते बदललेलं हिमोग्लोबिन सायनाइड पकडून ठेवतं, आणि थायोसल्फेट यकृताच्या विकराला गंधक पुरवतं. नायट्रेटच्या विषबाधेत हेच नायट्राइट दिलं, तर आधीच बिघडलेलं रक्त आणखी बिघडेल. तिथे मिथिलीन ब्लू लागतं. जनावराने खाल्लेली ज्वारी एकच, पण आधी पापणी पाहिल्याशिवाय सुई उचलता येत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी पीज आणि डन्स्टन यांना मिळालेली दोन उत्तरं आज गोठ्यात अशी समोरासमोर येतात. दोघांची विषं ताटातल्या रिक्तिकांमध्येच होती, एकाचं मुख्यतः खोडात, दुसऱ्याचं मुख्यतः पानाच्या सालीत.

परभणीत शेतीचं मुख्य प्रयोगक्षेत्र निजामाच्या काळात, १९१८ साली सुरू झालं. १८ मे १९७२ रोजी, मोठ्या दुष्काळाच्या वर्षीच, तिथे मराठवाडा कृषी विद्यापीठ झालं. पुढे त्याला वसंतराव नाईकांचं नाव मिळालं. परभणी मोतीसारख्या रब्बी ज्वारीच्या जाती आणि २०१८ साली आलेली, दाण्यात लोह-जस्त जास्त असलेली परभणी शक्ती ही तिथल्या ज्वारीच्या कामाची फळं. ज्वारी निवडताना दाण्याइतकंच कडब्याकडे पाहावं लागतं, कारण मराठवाड्यातला शेतकरी दोन्हींचा हिशोब करून पेरतो.

मग धुरिनच काढून टाकलं तर? २०१२ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अशी ज्वारी प्रसिद्ध केली. बियांवर रासायनिक प्रक्रिया करून मिळवलेल्या रोपांतून त्यांनी एक असं निवडलं, की ज्यात धुरिन बनवण्याच्या पहिल्या पायरीचंच विकर निकामी आहे. २०१६ साली धुरिनला टोनोप्लास्टपार नेणारं वाहक प्रथिनही ओळखलं गेलं. त्याचं जनुक धुरिन बनवणाऱ्या जनुकांच्या अगदी शेजारीच निघालं. विष बनवण्याची आणि ते कोंडण्याची सोय ज्वारीच्या गुणसूत्रावर जवळजवळ आहे, आणि बनवण्याची सोय असून कोंडण्याची नसली, तर रोपाला स्वतःचंच विष बाधू शकतं.

बिनधुरिनची ज्वारी चाऱ्यासाठी मोहात पाडणारी आहे, पण मला त्यात घाई नको वाटते. कोवळ्या रोपाला धुरिन किडींपासून वाचवतं, आणि नत्राचा तो एक साठाही आहे. ऑस्ट्रेलियातलं ते रोप सुरुवातीच्या दिवसांत थोडं सावकाश वाढत होतं. मराठवाड्यात पेरणीनंतर पहिले काही आठवडेच खोडमाशीचे असतात. तिथे रोप सावकाश वाढणं परवडत नाही.

तोवर शंका आली तर शेतावरच तपासता येतं. गाळणकागदाची पट्टी पिक्रिक आम्ल आणि धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात बुडवून वाळवली की पिवळी होते. कोवळी पानं बारीक चिरून बाटलीत घालायची, पट्टी बुचाला अडकवून वर लोंबती ठेवायची आणि बाटली उबदार जागी बंद ठेवायची. पट्टी विटकरी झाली तर त्या रानात जनावर सोडायचं नाही. आणि फुलोरा येईपर्यंत हिरवी ज्वारी चारायचीच नाही, पाऊस कितीही असो. पट्टी पिवळी राहिली तरी ती फक्त सायनाइडपुरतं सांगते. सोऱ्याची तपासणी वेगळी करावी लागते, आणि तिच्यासाठी नमुना पानाचा न घेता खोडाच्या बुडाचा घ्यावा.